सांगलीचं खातं पुण्याच्या खिडकीवर

चाळीस शाखांची एक पतसंस्था आहे असं धरू. मुख्य कार्यालय सांगलीला, एक शाखा पुण्यात, बाकीच्या आसपासच्या जिल्ह्यांत पसरलेल्या. प्रत्येक शाखेत एक सर्व्हर, आणि त्या शाखेच्या खातेदारांची माहिती त्याच सर्व्हरवर. मोठ्या बँकांत आता असं नसतं. कोअर बँकिंग आल्यापासून त्यांची खाती मध्यवर्ती ठिकाणी सांभाळली जातात. पण आपल्याला जे पाहायचं आहे त्यासाठी ही जुन्या वळणाची संस्थाच सोयीची. सांगली शाखेच्या एक खातेदार बाई पुण्यात मुलीकडे आल्या आहेत. पुण्याच्या शाखेत जाऊन त्या शिल्लक विचारतात. कर्मचारी खाते क्रमांक टाकतो आणि पडद्यावर आकडा येतो.

तो आकडा कुठून आला हे बाईंना माहीत नसतं, कर्मचाऱ्यालाही नसतं, आणि असायचं कारणही नाही. वितरित डेटाबेस बांधणाऱ्यांचा आग्रह मात्र याच्याही एक पाऊल पुढचा आहे. तो पडदा ज्या प्रोग्रामरनं लिहिला, त्यालाही हे माहीत असण्याची गरज पडू नये, असं ते म्हणतात. माहिती कितीही यंत्रांवर पसरलेली असो, विचारणाऱ्याला ती एकाच यंत्रावर, एकाच टेबलात असल्यासारखी विचारता आली पाहिजे. मधली मांडणी अशी नजरेआड राहण्याला त्यांच्या परिभाषेत पारदर्शकता म्हणतात. तिचे तीन भाग पडतात: माहिती कोणत्या ठिकाणी आहे ते न दिसणं, तिचे तुकडे केले आहेत ते न दिसणं, आणि तिच्या अनेक प्रती आहेत ते न दिसणं. स्टेफानो चेरी आणि जुझेप्पे पेलागात्ती या दोन इटालियन संशोधकांच्या 1984 सालच्या पुस्तकात या पारदर्शकतेच्या पायऱ्या मांडल्या आहेत, आणि तेव्हापासून ही विभागणी अभ्यासक्रमांत शिकवली जाते. शिकवताना तिन्ही भाग सारख्याच वजनाचे वाटतात. प्रत्यक्षात पहिला बऱ्यापैकी पाळता येतो, दुसरा वाचताना पाळता येतो पण बदल करताना अडखळतो, आणि तिसरा काही सेकंदांसाठी का होईना, मोडतोच.

ठिकाण लपवायचं म्हणजे मुळात नावाचा प्रश्न सोडवायचा. प्रोग्रामरनं ‘सांगलीच्या सर्व्हरवरचं खातेदार टेबल’ असं लिहून ठेवलं आणि उद्या संस्थेनं ते टेबल कोल्हापूरच्या नव्या यंत्रावर हलवलं, तर तो उल्लेख असलेला प्रत्येक प्रोग्राम शोधून दुरुस्त करावा लागेल. म्हणून नाव असं हवं, की टेबल हललं तरी नाव हलणार नाही. यावर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत, आर-स्टार नावाच्या प्रकल्पात, एक फार नेटकी युक्ती निघाली. तिथे टेबलाचं पूर्ण नाव असं असे:

```
PATIL@SANGLI.KHATEDAR@SANGLI
```

टेबल कोणी बनवलं, तो बनवणारा कोणत्या ठिकाणचा, टेबलाचं नाव काय आणि ते कुठे जन्मलं, एवढ्या गोष्टी या नावात आहेत. ते आज कुठे आहे, हे मात्र त्यात नाही. आपल्याकडच्या आडनावांसारखंच हे आहे. सांगलीकर तीन पिढ्या ठाण्यात राहत असले तरी सांगलीकरच असतात. पण गावात जाऊन विचारलं तर कोणीतरी त्यांचा ठाण्याचा पत्ता देतं. आर-स्टारमध्ये जन्मगावच्या यंत्रावर ही नोंद कायम राहते. टेबल हललं की तिथे नवा पत्ता लिहिला जातो. इतर यंत्रं तो पत्ता आपल्यापाशी टिपून ठेवतात, म्हणजे दर वेळी जन्मगावी विचारावं लागत नाही. टिपलेला पत्ता जुना झाला असेल तर ते लक्षात येतं, आणि मगच जन्मगावाकडे पुन्हा चौकशी होते. प्रोग्रामरला एवढं लांबलचक नाव रोज लिहावं लागत नाही. तो आपल्यापुरतं `KHATEDAR` असं टोपणनाव ठरवतो, त्यामागचं पूर्ण नाव यंत्रणा पाहून घेते.

इथवर सगळं ठीक चालतं. नाव लपलं, पत्ता लपला. अंतर मात्र लपत नाही. समजा पतसंस्थेत महिन्याच्या शेवटी व्याजाची आकारणी करणारा एक प्रोग्राम आहे. तो दोन हजार खाती एकेक करून वाचतो. टेबल त्याच इमारतीत होतं तेव्हा एका खात्याला अर्धा मिलिसेकंद लागे, म्हणजे सगळं काम एका सेकंदात उरके. आता टेबल दुसऱ्या शहरात गेलं आणि एका प्रश्नाच्या जाण्यायेण्याला पंधरा मिलिसेकंद लागू लागले, तर तेच काम तीस सेकंदांवर जातं. प्रोग्राममधलं एक अक्षरही बदललेलं नाही आणि चूकही कुठे नाही, त्यामुळे बिघाड शोधायला बसलेल्या माणसाला काहीच सापडत नाही. यावर इलाज असा, की दोन हजार प्रश्न विचारण्याऐवजी एकदाच विचारून सगळ्या ओळी मागवायच्या. पण तसं करायचं, तर माहिती लांब आहे हे प्रोग्रामरला ठाऊक असायला हवं. म्हणजे जे कळू द्यायचं नव्हतं, नेमकं तेच त्याला कळावं लागतं.

तुकड्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. आपल्या पतसंस्थेत ‘खातेदार’ हे एक टेबल म्हणायचं असलं, तरी प्रत्यक्षात त्याच्या ओळी शाखेनुसार चाळीस ठिकाणी वाटलेल्या आहेत. याला आडवे तुकडे म्हणतात. उभे तुकडेही करता येतात: नाव-पत्ता एका ठिकाणी, शिल्लक दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्हीकडे खाते क्रमांक सारखा, म्हणजे हवं तेव्हा जोडता येईल. तुकडे नजरेआड असतील तर प्रोग्रामर फक्त `khatedar` म्हणतो आणि कोणत्या तुकड्यात पाहायचं ते यंत्रणा ठरवते.

वाचण्यापुरतं हे चांगलं जमतं, फक्त प्रश्न कसा विचारला आहे यावर वेळ ठरतो. ‘सांगली शाखेतलं 4127 क्रमांकाचं खातं’ असं विचारलं तर यंत्रणा एकाच सर्व्हरकडे जाते. ‘माने आडनावाचे सगळे खातेदार’ असं विचारलं तर आडनावावरून शाखा कळत नाही, म्हणून चाळीसही सर्व्हरना विचारावं लागतं आणि सगळ्यांत हळू सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. समजा प्रत्येक सर्व्हर शंभरातून एकदाच रेंगाळतो. एका सर्व्हरपुरता प्रश्न असेल तर शंभरातल्या एकाच ग्राहकाला उशीर जाणवेल. पण चाळिसांना एकदम विचारलं तर त्यातला एक तरी रेंगाळण्याची शक्यता जवळजवळ 33 टक्के होते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला दोन्ही शोध सारखेच दिसतात. एक लगेच उमटतो आणि दुसरा कधीकधी उगाच अडतो, एवढंच त्याच्या अनुभवाला येतं. आपल्याही वापरातल्या एखाद्या सेवेत क्रमांकानं शोधलेलं चटकन मिळतं आणि नावानं शोधलेलं लहरीप्रमाणे मिळतं असं आढळलं, तर कारण अनेकदा याच वळणाचं असतं.

बदल करताना मात्र कस लागतो. आपल्या बाई आता कायमच्या पुण्याला राहायला आल्या आणि त्यांना खातं पुणे शाखेत वळवून हवं आहे. तुकडे पूर्ण नजरेआड असतील तर प्रोग्रामरनं एवढंच लिहायचं:

```sql
UPDATE khatedar SET shakha = 'Pune'
WHERE khate_no = 4127;
```

एका ओळीतला एक शब्द बदलला, इतकं हे साधं दिसतं. पण ज्या शब्दावरून तुकडे पाडले आहेत, तोच शब्द बदलला आहे. त्यामुळे ही ओळ सांगलीच्या तुकड्यात राहूच शकत नाही. तिला घर बदलावं लागतं. तुकडे दिसू देणाऱ्या यंत्रणेत हे स्थलांतर प्रोग्रामरला हातानं करावं लागतं:

```sql
SELECT nav, shillak INTO :nav, :shillak
FROM khatedar_sangli WHERE khate_no = 4127;

INSERT INTO khatedar_pune
VALUES (4127, :nav, 'Pune', :shillak);

DELETE FROM khatedar_sangli WHERE khate_no = 4127;
COMMIT;
```

यात काय बिघडू शकतं ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या पायरीत प्रोग्रामनं शिल्लक वाचली, 12,000 रुपये. त्याच क्षणी सांगलीत पिग्मी एजंटनं बाईंच्या नावे आधीच गोळा केलेले 500 रुपये जमा केले. सांगलीच्या ओळीत आता 12,500 आहेत. आपला प्रोग्राम पुण्यात 12,000 ची नवी ओळ लिहितो आणि सांगलीची ओळ पुसून टाकतो. पाचशे रुपये गेले, आणि कुठेही त्रुटीचा संदेश उमटला नाही. हे टाळायचं तर वाचतानाच ती ओळ कुलूपबंद करावी लागते. आता दुसरी शक्यता घ्या: पुण्यात ओळ लिहून झाली आणि सांगलीची पुसण्याआधी लाइन तुटली. अशा वेळी खातं दोन्हीकडे राहतं. आधी पुसून मग लिहायचं ठरवलं असतं तर ते कुठेच उरलं नसतं.

हे होऊ नये म्हणून दोन टप्प्यांत शिक्कामोर्तब करण्याची पद्धत आहे. समन्वय करणारं यंत्र आधी दोन्ही शाखांना विचारतं, तुमची तयारी आहे का? दोघांनी होकार दिला की मगच ते ‘पक्कं करा’ असं सांगतं. एकदा होकार दिलेल्या यंत्राला स्वतःच्या मनानं माघार घेता येत नाही. म्हणून होकार आणि अंतिम निरोप यांच्यामध्ये समन्वयकच बंद पडला, तर ती ओळ दोन्हीकडे कुलपात अडकून बसते. बाहेरून त्याची खूण अशी दिसते: बाकी सगळी खाती व्यवस्थित उघडतात, व्यवहार होतात, पण या एका खात्यात पैसे भरायला गेलं की पडदा फिरत राहतो. शाखेतला माणूस नेट स्लो आहे म्हणून सांगतो, तर पोस्टग्रेस सांभाळणारा तंत्रज्ञ `pg_prepared_xacts` नावाच्या यादीत पाहतो आणि तिथे तासाभरापूर्वीचा अर्धवट व्यवहार त्याला सापडतो.

हा सगळा व्याप यंत्रणेनं स्वतः उचलायचा, हे तुकड्यांच्या पारदर्शकतेचं वचन. ते पाळणं किती जड जातं याचा पुरावा फार जुना नाही. पोस्टग्रेस या नावाजलेल्या डेटाबेसमध्ये टेबलाचे तुकडे सरळ जाहीर करून पाडण्याची सोय 2017 साली दहाव्या आवृत्तीत आली. तुकडे एकाच यंत्रावर असले तरी वर दिलेली ती साधी `UPDATE` आज्ञा तिथे नाकारली जाई, या संदेशासह:

```
new row for relation "khatedar_sangli" violates partition constraint
```

प्रोग्रामरनं `khatedar_sangli` हे नाव कुठे लिहिलंच नव्हतं. जे त्याला दिसणार नाही असं ठरलं होतं, तेच नाव घेऊन यंत्रणा त्याला रागावत होती. वर्षभरानं अकराव्या आवृत्तीत ओळ आपोआप हलू लागली. आत एक पुसणं आणि एक लिहिणं होतं, बाहेर एकच बदल दिसतो. तरी पिग्मी एजंटचा पेच उरतोच. कोणी ओळ हलवत असताना दुसरा तीच ओळ बदलायला आला, तर त्याला ती दुसऱ्या तुकड्यात गेल्याचं सांगून परत पाठवलं जातं:

```
tuple to be locked was already moved to another partition due to concurrent update
```

पैसे हरवण्यापेक्षा हे केव्हाही बरं, पण पडदा इथेही फाटलाच. अनेक यंत्रांवर पोस्टग्रेस पसरवणाऱ्या सायटस या विस्तारात तर ज्या रकान्यावरून वाटणी केली आहे, त्याचं मूल्य असं बदलूच देत नाहीत. मला हा नकार प्रामाणिक वाटतो. म्हणून वाटणीचा रकाना निवडताना अनुभवी माणसं सहसा न बदलणारी गोष्ट घेतात. शाखा बदलते, खाते क्रमांक बदलत नाही. मात्र क्रमांकानुसार वाटणी केली की शाखेचा अहवाल काढायला पुन्हा चाळीस ठिकाणी जावं लागतं.

आता प्रती. एका यंत्रावर बिघाड झाला तरी काम थांबू नये आणि वाचणाऱ्याला जवळची प्रत मिळावी, म्हणून तीच माहिती अनेक ठिकाणी ठेवतात. प्रतींची पारदर्शकता म्हणजे वाचणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला एकच प्रत आहे असं वाटत राहणं. ते का टिकत नाही याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण फेसबुकचं आहे, 2008 मधलं.

तोवर फेसबुकची सगळी यंत्रं कॅलिफोर्नियात होती. मग त्यांनी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, व्हर्जिनियात, नवं केंद्र उभारलं. ठरवलं असं, की लिहिणं सगळं कॅलिफोर्नियाच्या डेटाबेसमध्ये व्हायचं आणि व्हर्जिनियात त्याची प्रत मागाहून पोचत राहायची. वाचणं मात्र दोन्हीकडे चालेल. दोन ठिकाणांमधलं अंतर चार हजार किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सर्वांत सरळ वाट मिळाली तरी एका बाजूनं वीस मिलिसेकंद लागणारच. प्रतीचं काम साचलं तर हा उशीर सेकंदांवर जाई.

एवढ्या फटीत काय घडू शकतं ते त्यांच्याच एका अभियंत्यानं तेव्हा लिहून ठेवलं आहे. वेग यावा म्हणून डेटाबेसच्या पुढे मेमकॅश नावाची तात्पुरती साठवण असे. पान बनवताना आधी तिथे पाहायचं. तिथे नसेल तर डेटाबेसमधून आणून तिथे ठेवायचं. माहिती बदलली की साठवणीतली जुनी नोंद पुसायची. आता एका माणसानं आपलं नाव बदललं. कॅलिफोर्नियाच्या डेटाबेसमध्ये नवं नाव लिहिलं गेलं आणि दोन्ही केंद्रांच्या साठवणीतलं जुनं नाव पुसलं गेलं. इथपर्यंत बरोबर. पण प्रत व्हर्जिनियात पोचायच्या आत तिथे कोणीतरी त्या माणसाचं पान उघडलं. साठवण रिकामी, म्हणून तिथल्या डेटाबेसला विचारलं गेलं. त्याच्याकडे अजून जुनंच नाव होतं. ते साठवणीत जाऊन बसलं. क्षणभरानं नवं नाव व्हर्जिनियाच्या डेटाबेसमध्ये आलं, पण साठवण पुसणारा निरोप आधीच येऊन गेला होता. त्यामुळे डेटाबेसमध्ये नवं नाव आणि पानावर जुनं, अशी अवस्था त्या नोंदीला पुन्हा हात लागेपर्यंत टिकली असती. प्रत उशिरा पोचल्यानं काही मिलिसेकंदांची जी चूक झाली, ती साठवणीनं धरून ठेवली. दोन यंत्रणा वेगवेगळ्या निर्दोष असूनही एकत्र आल्यावर असं होतं, आणि म्हणूनच हा दोष चाचणीत सापडत नाही.

त्यांनी काढलेला उपाय असा: पुसण्याचा निरोप वेगळा पाठवायचाच नाही, तो डेटाबेसच्या प्रतीबरोबरच पाठवायचा. त्यासाठी त्यांनी मायएसक्यूएलमध्ये फेरफार करून लिहिण्याच्या आज्ञेलाच ‘साठवणीतल्या या या नोंदी पुसा’ अशी शेपटी जोडली. आज्ञा व्हर्जिनियात पोचून अमलात आली की मगच तिथली साठवण पुसली जाई, म्हणजे नंतर वाचणाऱ्याला नवंच नाव मिळे.

तरी एक माणूस उरतोच: स्वतः बदल करणारा. इतरांना जुनं नाव सेकंदभर जास्त दिसलं तर बिघडत नाही. त्यांना बदल झाल्याचं ठाऊकच नसतं. पण मी नाव बदललं, पान पुन्हा उघडलं आणि जुनंच दिसलं, तर मी ते पुन्हा बदलेन. पैशांच्या पडद्यावर हीच सवय महागात पडते, कारण न दिसलेला व्यवहार माणूस दुसऱ्यांदा करतो. फेसबुकनं इथे फार साधी तोड काढली. कोणी काही लिहिलं की त्याच्या ब्राउझरमध्ये वेळेची खूण ठेवायची, आणि पुढचे वीस सेकंद त्या माणसाची प्रत्येक विनंती थेट कॅलिफोर्नियाला पाठवायची. तोवर व्हर्जिनियाची प्रत पोचलेली असते असं गृहीत धरायचं. खूण ब्राउझरमध्ये होती, हे लक्षात घ्या. संगणकावर बदल करून लगेच फोनवर पाहिलं तर फोनकडे ती खूण नसणार आणि जुनी प्रत दिसू शकणार. आजही एका यंत्रावर केलेला बदल दुसऱ्या यंत्रावर लगेच न दिसण्यामागे पुष्कळदा अशाच प्रकारची मर्यादा असते. पैशांच्या व्यवहारात म्हणूनच आकडा पाहून ठरवण्यापेक्षा व्यवहार क्रमांकानं चौकशी करणं सुरक्षित; क्रमांक मिळाला असेल तर शिल्लक जुनी दिसली तरी पुन्हा पैसे पाठवायचे नाहीत.

सगळ्या प्रतींवर लिहून झाल्याशिवाय ‘झालं’ म्हणायचंच नाही, असाही मार्ग आहे. मग जुनं कधी दिसत नाही. पण प्रत्येक लिहिण्याला सर्वांत लांबच्या प्रतीइतका वेळ लागतो आणि एक जरी प्रत बंद पडली तरी लिहिणं थांबतं. बिघाडाची भीती कमी व्हावी म्हणून प्रती वाढवल्या, तर बिघाडानं अडण्याची शक्यता वाढते. मधला मार्ग बहुमताचा: तीन प्रतींपैकी दोघांवर लिहायचं आणि वाचताना दोघांना विचारायचं. दोन आणि दोन मिळून चार होतात, प्रती तीनच आहेत, म्हणून वाचलेल्या दोनपैकी एकीवर तरी ताजं लिहिणं असतंच. एक प्रत बंद पडली तरी काम चालतं. किंमत एवढीच, की जवळची प्रत हाताशी असूनही दुसरीची वाट पाहावी लागते.

या क्षेत्रातला एक मोठा माणूस, जिम ग्रे, टँडेम कंपनीत असताना 1980 च्या दशकाच्या अखेरीस या सगळ्या लपवालपवीच्या विरोधात उभा राहिला होता. एका इमारतीतल्या यंत्रांमध्ये पारदर्शकता ठीक आहे, पण शहराशहरांत पसरलेली माहिती जवळ असल्याचं भासवू नका, असा त्याचा सूर होता. परक्या शाखेच्या टेबलात थेट हात घालण्यापेक्षा त्या शाखेच्या प्रोग्रामकडे विनंती पाठवा, तिचा कारभार तिला करू द्या. तेव्हा हे मत पाठ्यपुस्तकांच्या उलट होतं. आज बँकेच्या, रेल्वेच्या, खरेदीच्या ॲपमागे एक सेवा दुसऱ्या सेवेला विनंतीच करते, तिच्या टेबलात डोकावत नाही.

प्रतींच्या बाबतीत तर निवड सरळ प्रोग्रामरच्या हाती दिली जाते. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या 2012 पासून चालू असलेल्या सेवेत वाचताना `ConsistentRead` नावाचा एक पर्याय असतो. तो न दिल्यास मिळणारी नोंद क्षणापूर्वीची असू शकते. तो दिला तर ताजीच मिळते, आणि त्या वाचनाला दुप्पट क्षमता मोजली जाते. खरेदीच्या यादीतली चित्रं दाखवताना कोणी तो देत नाही. शेवटचं तिकीट शिल्लक आहे का ते पाहताना द्यावा लागतो. कुठे द्यायचा हे ठरवताना प्रोग्रामरला खिडकीपलीकडे उभा असलेला माणूस त्या आकड्याचं पुढे काय करणार आहे, हे विचारात घ्यावं लागतं.